पुरवठादाराला पत्र: तपासणीच्या कागदाचा फोटो जोडलाय, गळक्या बाटल्यांचं प्रमाण कसं लिहू?

नौपाडेकर (९ मे, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात माझं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून दरवर्षी मे महिन्यातच स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतो. यंदा भिवंडीच्या एका पुरवठादाराकडून ५० खोकी घेतली. खोक्यात २४, म्हणजे १२०० बाटल्या. माल २ मेला उतरला. ऑर्डरच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "शेकडा २ पर्यंत गळकी निघाल्यास तक्रार नाही, त्यावर माल बदलून."

पहिल्याच आठवड्यात एक आजी बाटली परत घेऊन आल्या. नातवाच्या क्लासच्या वह्या भिजल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, कारण ती बाटली मीच "ही घ्या, चांगली आहे" म्हणून हातात दिली होती. मग दाराजवळची पाच खोकी पूर्ण उघडली. प्रत्येक बाटलीत काठोकाठ पाणी, झाकण घट्ट, आणि वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटी. कागद ओला झाला की गळकी. १२० बाटल्यांपैकी ९ गळक्या निघाल्या. दुकानातल्या मुलाने कागदावर नोंद केली, त्याचा फोटो खाली टाकलाय.

पत्राचा मसुदा असा केलाय:

"आपण पाठवलेल्या मालातील १२० बाटल्या तपासल्या. पैकी ९ गळक्या आहेत (सोबत तपासणीच्या कागदाचा फोटो). म्हणजे ७.५ टक्के माल खराब आहे. १२०० मध्ये ९० बाटल्या होतात. ९० बाटल्यांची क्रेडिट नोट द्यावी."

भाचा कॉलेजात आहे. तो म्हणतो, नुसतं साडेसात टक्के लिहू नकोस, "४ ते १३.६ टक्के" असं लिही, कारण साऱ्या मालातलं प्रमाण त्यात कुठेही असू शकतं. असं लिहिलं तर पत्र कच्चं दिसेल का?

---

मोहन_वाशी (९ मे, रात्री १०:१५)

दादा, तीस वर्षं मार्केटात आहे. पत्रात "४ ते १३" लिहिलंत की समोरचा चारच धरणार. धंद्यात एक आकडा सांगायचा आणि त्यावर ठाम राहायचं. खरं तर पत्रापेक्षा फोन बरा.

---

घणसोली_क्यूसी (९ मे, रात्री १०:५०)

मी टीटीसी औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आत येणाऱ्या मालाची तपासणी बघतो. नमुना काढून लॉट तपासायला आमच्याकडे आयएस २५०० या भारतीय मानकाचा तक्ता लावतात. १२०० च्या लॉटला ८० नग काढायचे. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायची खराबीची टक्केवारी, २.५ धरला तर ५ पर्यंत खराब चालतात, ६ झाले की लॉट परत. तुमचे १२० मध्ये ९ म्हणजे लॉट रिजेक्ट. टक्केवारीच्या भानगडीत पडूच नका, सरळ सगळा माल उचलायला सांगा.

---

सानिका_नेरुळ (९ मे, रात्री ११:२०)

माझा पापड-कुरडयांचा घरगुती व्यवसाय आहे. मागच्या वर्षी डब्यांची झाकणं अशीच सैल आली होती. विकणारा ऐकेना, म्हणून ग्राहक मंचात गेले, तर तिथे सांगितलं की तुम्ही ग्राहकच नाही! तुम्हीही तिकडेच जाणार असाल तर आधी चौकशी करा.

---

तराजू (१० मे, सकाळी ७:३०)

नौपाडेकर, मी नोकरीची बरीच वर्षं मालाचे नमुने काढण्यात घालवली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमच्या नमुन्याला ते लागू पडत नाही. फोटो मोठा करून बघितला. ओळी अशा दिसतात: खोका १ समोर ०, खोका २ समोर १, खोका ३ समोर ७, खोका ४ समोर १ किंवा ९ (नीट कळत नाही), आणि पाचव्या ओळीवर कोणाचा तरी अंगठा आलाय. बेरीज कुठेच लिहिलेली नाही. पत्रातला आकडा ९ आहे म्हणून मी चौथ्या ओळीत १ आणि पाचवीत ० धरतोय. पुरवठादाराने तसं का धरावं?

त्याहून मोठी गोष्ट ही, की ९ पैकी ७ गळक्या एकाच खोक्यातल्या आहेत. भाच्याचं ४ ते १३.६ हे गणित असं मानतं की १२० बाटल्या साऱ्या मालातून सुट्या-सुट्या उचलल्या. तुम्ही बाटल्या उचलल्या नाहीत, खोकी उचलली, आणि तीही दाराजवळची पाच. एका खोक्यातल्या बाटल्या एकाच टेबलावर, एकाच माणसाने, एकाच दिवशी भरलेल्या असतात. त्या एकमेकींसारख्याच निघणार. तेव्हा तुमचा नमुना १२० चा नाही, जवळपास पाचाचा आहे. खोका हे एकक धरून हिशेब केला तर उत्तर शून्यापासून थेट २३ टक्क्यांपर्यंत पसरतं. तिसरं खोकं दाराजवळ नसतं, तर तुम्ही आज "फक्त २ गळक्या निघाल्या" म्हणून गप्प बसला असता.

मोहनराव, एक आकडा सांगण्याबद्दल: साडेसातावर ठाम राहायचं, आणि त्याने त्याच्या गोदामात चार खोकी उघडून दाखवली आणि एकही गळकी निघाली नाही, तर काय करायचं?

---

नौपाडेकर (१० मे, सकाळी ९:०५)

काका, फोटोतला आकडा १ आहे. मुलगा ९ ची शेपटी लहान काढतो आणि १ ला गाठ मोठी, म्हणून गोंधळ. अंगठाही त्याचाच. पण खोक्यांचं तुम्ही म्हणता ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता तिसरं खोकं परत बघितलं. त्याच्या बाजूला निळ्या मार्करचा ठिपका आहे, बाकी चारांवर नाही. उरलेल्या ४५ मध्ये ठिपक्याची १२ खोकी आहेत. याला काही अर्थ असेल का?

---

तराजू (१० मे, सकाळी ९:४०)

असू शकतो. पण आत्ता माझ्याकडे आणि तुमच्याकडे एकच खोकं आहे, त्यावरून काही म्हणू नका. एक करा. आजच कागदावर तारीख टाकून लिहा, "निळ्या ठिपक्याची खोकी वेगळी मोजणार." आधी तपासून मग जिथे जास्त निघाल्या त्याचा गट पाडला, तर कुठलाही गट वाईट दाखवता येतो. आधी लिहून ठेवलंत तर तो आरोप तुमच्यावर येणार नाही.

मग उरलेल्या ४५ च्या ४५ खोक्यांतून तीन-तीन बाटल्या काढा. वरच्या थरातल्या नकोत. १ ते २४ अशा चिठ्ठ्या करा, प्रत्येक खोक्यासाठी तीन चिठ्ठ्या उचला आणि त्याच जागच्या बाटल्या घ्या. १३५ बाटल्या होतील, पहिल्यापेक्षा थोड्याच जास्त. पण आता प्रत्येक खोकं त्यात आलं, म्हणून "नेमकी वाईट खोकी उघडली" असं कोणी म्हणू शकणार नाही.

घणसोलीकर, तुमचा तक्ता बरोबर आहे, पण तो लॉट घ्यायचा की नाही एवढंच सांगतो. किती माल खराब आहे ते सांगत नाही. शिवाय एक्यूएल २.५ ऑर्डरमध्ये लिहिलेलाच नाही. इथे कबूल झालंय ते "शेकडा २". तुमच्या तक्त्यातले ८० नगही साऱ्या लॉटमधून काढायचे असतात, पाच खोक्यांतून नाहीत.

---

घणसोली_क्यूसी (१० मे, दुपारी १:१०)

हे मान्य. आमच्याकडे एक्यूएल खरेदीच्या ऑर्डरवरच छापलेला असतो, त्यामुळे तो वेगळा ठरवावा लागतो हे डोक्यातून गेलं. एक सुचवतो. गळकी निघालेली प्रत्येक बाटली दुसऱ्या माणसाकडून परत बंद करून घ्या आणि पुन्हा उलटी ठेवा. "तुमच्या पोऱ्याने झाकण नीट लावलं नाही" हे पहिलं उत्तर येतं, आम्हालाही दरवेळी येतं.

---

कर_सल्ला_कळवा (१० मे, दुपारी २:००)

तारखेकडे लक्ष द्या. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. नाही घेतली तर माल स्वीकारला असं धरतात आणि पैसे देण्याची मुदत माल पोचल्याच्या दिवसापासून मोजतात. तुमचा माल २ मेचा, म्हणजे १७ मे. मोहनराव, फोनला इथे काही किंमत नाही. तो नोंदलेला नसला तरी १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ४२ आहे. वाजवी वेळेत नकार कळवला नाही तर स्वीकार धरला जातो.

सानिकाताई, तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर होतं. पुन्हा विकायला किंवा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९ चा ग्राहक कायदा सहसा लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या स्वयंरोजगाराला त्यात सवलत आहे, पण ती विकत घेतलेली वस्तू स्वतः वापरण्याबद्दल आहे, विकण्याबद्दल नाही.

---

सानिका_नेरुळ (१० मे, दुपारी ३:३०)

धन्यवाद दादा, वर्षभर मनात सल होता की माझंच काही चुकलं. नौपाडेकर, फोटोबद्दल माझा अनुभव सांगते. मी व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला होता. तो बारीक होऊन गेला आणि आकडे फुटले. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि मूळ कागद टाकू नका.

---

नौपाडेकर (१२ मे, रात्री १०:३०)

दोन दिवस दुकान बंद झाल्यावर मी, बायको आणि मुलगा तिघं बसलो. या वेळी कागदावर खोक्याचा नंबर, ठिपका आहे की नाही, चिठ्ठीवर आलेल्या तीन जागा आणि गळक्या, असे रकाने आखले. गळकी निघाली की उभी रेघ, आणि शेजारी अक्षरात "एक", "दोन". तळाला बेरीज, तिघांच्या सह्या. फोटो सकाळच्या उजेडात, कागद फरशीवर पसरून, चारही कोपरे दिसतील असा काढला. ठिपक्याच्या एका खोक्याचा फोटोही काढलाय.

१३५ पैकी ११ गळक्या. अकराही बायकोने परत बंद करून बघितल्या, अकराही परत गळल्या.

ठिपक्याची १२ खोकी: ३६ पैकी ९.
बिनठिपक्याची ३३ खोकी: ९९ पैकी २.

काका, हे बघून मला दोन मिनिटं काही सुचेना. आता यातून आकडा कसा काढायचा?

---

तराजू (१३ मे, सकाळी ७:१०)

फार व्यवस्थित काम केलंत. तिघांनाही माझा नमस्कार सांगा.

शीटमध्ये A1 ला गळक्यांची संख्या आणि B1 ला तपासलेल्यांची संख्या टाका. पहिल्या सूत्रातून पट्ट्याचा, म्हणजे भाच्याच्या "४ ते १३.६" सारख्या दोन टोकांचा, मध्य मिळेल, दुसऱ्यातून दोन्हीकडची रुंदी:

```
=(A1+1.92)/(B1+3.84)
=1.96*SQRT(A1*(B1-A1)/B1+0.96)/(B1+3.84)
```

मध्यातून रुंदी वजा केली की खालचं टोक, मिळवली की वरचं. मध्य तुमच्या सरळ टक्केवारीपेक्षा थोडा वेगळा येईल. गळक्यांची संख्या लहान असली की असंच व्हायला हवं. सरळ टक्केवारीच्या दोन्ही बाजूंना सारखी रुंदी जोडली, तर ९९ पैकी २ ला खालचं टोक शून्याच्या खाली जातं, आणि उणे बाटल्या गळत नसतात.

मला मिळालेलं उत्तर: ठिपक्याच्या मालात २५ टक्के, पट्टा १३.७ ते ४१.१. बिनठिपक्याच्या मालात २ टक्के, पट्टा ०.६ ते ७.१.

आता हे तुमच्या "शेकडा २" शेजारी ठेवा. ठिपक्याच्या मालाचं खालचं टोकसुद्धा १३.७ आहे. पुरवठादाराला कितीही झुकतं माप दिलं, तरी ते कबूल केलेल्या दोनाच्या कैक पट वर आहे. मोहनराव म्हणतात तसं त्याने खालचंच टोक धरलं, तरी तुमचं म्हणणं उभं राहतं. पट्टा लिहायचा तो यासाठी.

बिनठिपक्याच्या मालात मात्र दोन टक्के पट्ट्याच्या आत पडतात. तो माल करारात बसतही असेल, नसेलही. ९९ बाटल्यांवरून ते ठरवता येत नाही. त्याबद्दल पत्रात मागणी करू नका.

---

मोहन_वाशी (१३ मे, सकाळी ११:००)

पहिल्यांदा मी घाईने बोललो. दोन टक्क्यांशी ताडून बघायचं हे पटलं. पण बिनठिपक्याच्या खोक्यांचा हक्क का सोडायचा? सात टक्केही असू शकतं म्हणता ना? मग वरचं टोक धरून मागा, तो घासाघीस करून खाली येईल.

---

तराजू (१३ मे, दुपारी १२:१५)

हक्क सोडा म्हणत नाही, तो राखून ठेवा असं लिहा. वरच्या टोकाने मागणी केली, तर त्याने खालच्या टोकाने उत्तर दिलेलं तुम्हाला अयोग्य म्हणता येणार नाही. शिवाय तो कागद वाचू शकतो. ९९ पैकी २ त्याला दिसतील, आणि तिथे तुम्ही सात टक्के मागितलेत तर ३६ पैकी ९ वरचा त्याचा विश्वासही उडेल. यावर तुमचं माझं मत वेगळं राहिलं तरी चालेल. धंद्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

---

घणसोली_क्यूसी (१३ मे, रात्री ९:२०)

कारण शोधलंत का? झाकणातली सिलिकॉनची रिंग बघा. चांगल्या बाटलीची रिंग काढून गळक्या बाटलीत घाला. गळणं थांबलं तर दोष रिंगचा. नाही थांबलं तर झाकणाच्या आट्यांचा किंवा बाटलीच्या तोंडाचा.

---

नौपाडेकर (१४ मे, सकाळी ८:४५)

रात्रीच करून बघितलं. ठिपक्याच्या झाकणात रिंग खाचेतून एका बाजूला उचललेली दिसते. नखाने दाबली की बसते, झाकण फिरवलं की परत वर येते. चांगल्या रिंगेवर ठेवून बघितली तर केसभर मोठी आहे. चार गळक्या बाटल्यांत चांगल्या रिंगा घातल्या, चारही दहा मिनिटं कोरड्या राहिल्या.

पत्र असं केलंय. आज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनही जाईल.

"सप्रेम नमस्कार.

२ मे रोजी आपल्याकडून आलेल्या ५० खोक्यांपैकी ५ खोकी आम्ही आधी पूर्ण तपासली होती. त्यातील निळ्या ठिपक्याच्या एका खोक्यात २४ पैकी ७ बाटल्या गळक्या निघाल्या. म्हणून उरलेल्या ४५ खोक्यांतून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी ३ बाटल्या काढल्या आणि पाणी भरून १० मिनिटं उलट्या ठेवल्या. गळकी निघालेली प्रत्येक बाटली दुसऱ्या व्यक्तीने बंद करून पुन्हा तपासली. तपासणीच्या दोन्ही कागदांचे फोटो सोबत आहेत. मूळ कागद आमच्याकडे असून आपण केव्हाही पाहू शकता.

निळ्या ठिपक्याच्या १२ खोक्यांतील ३६ पैकी ९ बाटल्या गळक्या आहेत, म्हणजे २५ टक्के. नमुना लहान असल्याने खरं प्रमाण याहून कमी-जास्त असू शकतं. ते १३.७ ते ४१.१ टक्क्यांच्या दरम्यान असावं असं आमचं गणित सांगतं (९५ टक्के खात्रीच्या पद्धतीने). यातला सर्वांत कमी आकडाही ऑर्डरवर आपण मान्य केलेल्या शेकडा २ पेक्षा पुष्कळ जास्त आहे. तरी ठिपक्याची सर्व १३ खोकी आम्ही नाकारत आहोत. ती बदलून द्यावीत किंवा त्यांची क्रेडिट नोट द्यावी. त्यातील एका खोक्यातील २४ बाटल्या पूर्ण तपासलेल्या आहेत, त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

उरलेल्या ३३ खोक्यांतील ९९ पैकी २ गळक्या निघाल्या. त्याबद्दल आज आमची तक्रार नाही. विक्रीत शेकडा २ हून जास्त परत आल्या तर कळवू.

झाकणातील रिंग मोठ्या मापाची आहे असं आम्हाला वाटतं. चार बाटल्यांत रिंग बदलल्यावर गळती थांबली. आपण खात्री करून घ्यावी."

---

तराजू (१४ मे, सकाळी ९:३०)

उत्तम. एकच दुरुस्ती. पहिल्या पाचांतली बिनठिपक्याची चार खोकी तुम्ही पूर्ण तपासलीत, त्यात ९६ पैकी २ गळक्या होत्या. तेही एका ओळीत लिहा. त्याच्या बाजूचा आकडा आहे, लपवल्यासारखा वाटायला नको.

---

नौपाडेकर (१४ मे, सकाळी १०:०५)

घातली ओळ. पाठवलं.

---

नौपाडेकर (१९ मे, रात्री ९:५०)

काल त्याचा फोन आला. आवाज चढा नव्हता. फोटो मोठा करून बघितला म्हणाला, आणि ठिपक्याची खोकी दुसऱ्या ठिकाणी भरून घेतली होती हे त्याने आपणहून सांगितलं. पण माल परत न्यायला तयार नाही. ३०० रिंगा पाठवतो, तुम्हीच बदला, वर प्रत्येक बाटलीमागे थोडे पैसे कमी करतो, असं म्हणतोय. शाळेला महिनाही उरला नाही आणि दुसरा माल मिळेल का माहीत नाही. बायको म्हणते रिंगा घे. मला वाटतं, ३०० झाकणं आम्ही बदलायची आणि एखादी पुन्हा गळली तर तोंड आमचंच दिसणार.

---

मोहन_वाशी (१९ मे, रात्री १०:२०)

रिंगा घ्या दादा, पण कमी केलेली रक्कम क्रेडिट नोटवर लिहून घ्या, तोंडी नको.

---

घणसोली_क्यूसी (१९ मे, रात्री १०:४५)

मी असतो तर माल परतच केला असता. चार बाटल्यांवर रिंग चालली म्हणजे तीनशेंवर चालेल असं नाही. घ्यायच्याच असतील तर आधी ५० मागवा, बदला, आणि ५० च्या ५० उलट्या ठेवून बघा. मग बाकीच्यांचं ठरवा.

---

नौपाडेकर (२० मे, सकाळी ८:१५)

५० मागवल्यात. उद्या येतील. नवीन कागद आखून ठेवलाय.